एक एपिक, सहाशे सत्तर स्टोऱ्या

अमेरिकेच्या एफबीआयला कागदी फायलींपासून सुटका हवी होती. त्यासाठी 2001 साली 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची संगणक प्रणाली बांधायला घेतली गेली आणि 2005 मध्ये सुमारे 17 कोटी डॉलर खर्ची पडल्यावर ती अर्धवटच मोडीत काढावी लागली. 2006 मध्ये तेच काम 'सेंटिनेल' या नावाने पुन्हा सुरू झालं. या वेळी कंत्राट लॉकहीड मार्टिनसारख्या बड्या कंपनीकडे होतं, आराखडा चार टप्प्यांचा होता आणि मुदत 2009 च्या अखेरीची. 2010 चा उन्हाळा संपत आला तेव्हा 45.1 कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकातले 40.5 कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. बाहेरच्या एका तज्ज्ञ संस्थेचा हिशोब असा होता की याच पद्धतीने काम चालू ठेवलं तर आणखी किमान 35.1 कोटी डॉलर आणि सहा वर्षं लागतील.

एफबीआयने सूत्रं स्वतःकडे घेतली. कंत्राटदाराची सव्वादोनशेच्या आसपास असलेली माणसं चाळीसवर आणली, आणि उरलेलं सगळं काम नव्या पद्धतीने लिहून काढलं. आधी जाडजूड आवश्यकता-दस्तऐवज होता. आता 670 छोट्या 'युजर स्टोऱ्या' झाल्या. दर दोन आठवड्यांनी त्यांतल्या काही पूर्ण करायच्या आणि वापरणाऱ्यांना चालवून दाखवायच्या, असा क्रम ठरला. 1 जुलै 2012 रोजी सेंटिनेल एफबीआयभर सुरू झालं. ठरल्यापेक्षा काही महिने उशीर झाला, पण अंदाजपत्रक ओलांडलं गेलं नाही.

ही कथा सॉफ्टवेअरच्या जगात वारंवार सांगितली जाते आणि बहुतेक वेळा त्यातून एवढाच बोध घेतला जातो की मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत. पण तुकडे तर आधीही होते. चार टप्पे म्हणजे तुकडेच. टप्प्यांचा आकार मोठा होता हे खरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरी कोणत्या दिशेने फिरवली, हे.

पुण्यातल्या हिंजवडीत किंवा खराडीत काम करणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअर टीमच्या बोर्डवर नजर टाकली तर तिथे दोन आकारांची कामं दिसतात. 'स्टोरी' म्हणजे वापरणाऱ्याला काहीतरी करता येईल असं छोटं काम, जे एका 'स्प्रिंट'मध्ये म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या मुदतीत पुरं होतं. 'एपिक' म्हणजे तसंच, पण एका स्प्रिंटमध्ये मावणार नाही एवढं मोठं काम. स्टोरी ही कल्पना केंट बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगार-प्रणालीवर काम करताना रूढ केली. तिथे ती एका छोट्या कार्डावर लिहिली जाई, आणि कार्डावर मावत नाही ते बोलून ठरवायचं असा रिवाज होता. एपिक मात्र कार्डावर लिहिलं तरी कार्डाएवढं होत नाही. ते महिनोन्‌महिने बोर्डावरच्या 'चालू' रकान्यात बसून राहतं. रोज सकाळच्या बैठकीत त्याची चौकशी होते आणि रोज उत्तर येतं, 'बऱ्यापैकी झालंय.'

एपिक फोडताना काय घडतं ते पाहायला एखादं ओळखीचं काम घेतलेलं बरं. समजा, एका गावातल्या सहकारी दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर बनवायचं आहे. संस्थेच्या सचिवांनी मागणी एका वाक्यात सांगितली: सभासदाने घातलेल्या दुधाची नोंद व्हावी आणि दर दहा दिवसांचं बिल कपाती वजा जाता त्याच्या बँक खात्यात जमा व्हावं. वाक्य एकच, पण पोटात बरंच काही आहे. दूध सकाळ-संध्याकाळ येतं. गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं. काट्यावर लिटर मोजतात, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ तपासतात, दरपत्रकातून दर निघतो. बिलातून पशुखाद्याचे पैसे आणि घेतलेली उचल कापली जाते. दरपत्रक अधूनमधून बदलतं. बँकेला यादी पाठवायची असते. कोणाचं दूध नाकारलं जातं, कोणाची नोंद चुकीच्या कोड नंबरावर पडते. टीमने अंदाज दिला: चार महिने.

नवख्या टीमला सुचणारी फोड साधारण अशी असते. पहिला महिना डेटाबेसचा: सगळे तक्ते तयार. दुसरा सर्व्हरवरच्या हिशोबाचा. तिसरा स्क्रीनचा. चौथा बँक-जोडणी आणि चाचणीचा. चार तुकडे, चार महिने, कागदावर सगळं नीट. पण पहिल्या महिन्याच्या शेवटी सचिवांना दाखवायला काय आहे? काही नाही. डेटाबेसचा तक्ता 'बरोबर' आहे की नाही हे त्यांना सांगता येत नाही, आणि खरं तर टीमलाही येत नाही, कारण त्यातून अजून एकही बिल निघालेलं नाही. तिसऱ्या महिन्यात स्क्रीन तयार होते तेव्हा लक्षात येतं की एकाच सभासदाच्या दोन म्हशी आणि एक गाय असू शकते आणि तक्त्यात तर सभासदामागे जनावराचा एकच प्रकार ठेवलाय. मग पहिल्या महिन्याचं 'पूर्ण' झालेलं काम पुन्हा उघडावं लागतं. चाचणी चौथ्या महिन्यात असल्याने सगळ्या चुका एकदम चौथ्याच महिन्यात सापडतात.

बिल वेक या अमेरिकी प्रोग्रामरने 2003 मध्ये या चुकीसाठी थरांच्या केकचं उदाहरण दिलं होतं. सॉफ्टवेअरला थर असतात: खाली डेटा, मध्ये हिशोब, वर स्क्रीन. सुरी आडवी फिरवली तर पाहुण्याच्या ताटलीत नुसता खालचा थर येतो. उभी फिरवली तर काप कितीही पातळ असला तरी त्यात प्रत्येक थराचा थोडा थोडा भाग असतो, आणि केक कसा झालाय ते त्या एका कापावरून कळतं. उभ्या कापाची अट एवढीच: तो इतका पातळ हवा की दोन-तीन दिवसांत हातावेगळा व्हावा, आणि इतका पूर्ण हवा की वापरणाऱ्या माणसाने तो चालवून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणावं.

दूध संस्थेचा पहिला उभा काप असा असू शकतो: सचिव एका सभासदाचं फक्त गाईचं दूध हाताने नोंदवतात, म्हणजे लिटर, फॅट आणि एसएनएफ हे तीन आकडे टाइप करतात, आणि पडद्यावर त्या वेळच्या दुधाची रक्कम दिसते. बस. दरपत्रक एकच, ते प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेलं. लॉगिन नाही, पावतीची छपाई नाही, मेसेज नाही, बँक नाही, म्हैस नाही. काहींना हा काप हास्यास्पद वाटतो. चार महिन्यांच्या कामाची सुरुवात तीन आकडे आणि एका गुणाकाराने? पण या तीन आकड्यांसाठी डेटाबेसात जागा लागते, सर्व्हरवर हिशोब लागतो, स्क्रीन लागते, आणि हे सगळं सचिवांच्या टेबलावरच्या संगणकापर्यंत पोचवण्याची वाटही लागते. ती वाट पहिल्याच आठवड्यात बांधली आणि तपासली जाते.

आता या कापाच्या मागच्या बाजूला काय लिहायचं ते पाहू. स्टोरीच्या कार्डावर पुढे मागणी असते आणि मागे स्वीकाराच्या अटी, म्हणजे काय दिसलं की काम झालं असं म्हणायचं ते. समजा, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला 34 रुपये दर आहे आणि फॅट एका पॉइंटने, म्हणजे 0.1 ने उतरलं की 30 पैसे कमी होतात. पहिली अट सोपी: 10 लिटर, 3.5 आणि 8.5 टाकलं की 340 रुपये दिसले पाहिजेत. दुसरी अट: त्याच दुधाचं फॅट 3.4 टाकलं की 337 रुपये. तिसरी: दूध 7.35 लिटर आणि फॅट 3.4. इथे दर 33.70, आणि गुणाकार येतो 247.695 रुपये.

अर्धा पैसा कुणाचा?

247.70 दाखवायचे की 247.69? एका नोंदीला फरक एका पैशाचा. पण दहा दिवसांच्या बिलात सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी असतात. प्रत्येक नोंद वेगळी पूर्णांकित करून बेरीज केली तर एक आकडा येतो आणि आधी बेरीज करून शेवटी पूर्णांकित केली तर दुसरा. सभासद रोजच्या पावत्या जपून ठेवतो, त्यांची बेरीज करतो आणि बिलाशी ताडून पाहतो. दोन-चार पैशांची तफावत आली तरी तो कार्यालयात येऊन विचारतो, आणि त्याचं विचारणं रास्त असतं. हा नियम टीमने मनाने ठरवायचा नसतो. सचिवांना विचारायचा असतो, आणि सचिवांकडे बहुधा वर्षानुवर्षांचं ठरलेलं उत्तर असतं. आडव्या फोडीत हा प्रश्न चौथ्या महिन्यात, चाचणीच्या वेळी निघाला असता. उभ्या कापात तो पहिल्या आठवड्यात कार्डाच्या मागे तिसरी अट लिहिताना निघाला, तेव्हा त्याचं उत्तर बदलणं म्हणजे प्रोग्रामची एक ओळ बदलणं होतं.

दुसरा काप: त्याच सभासदाच्या 1 ते 10 तारखेच्या नोंदींचं एकत्र बिल. इथेही कपाती नाहीत, फक्त बेरीज. अटी लिहिताना तारखा समोर येतात. महिन्याचे तीन हप्ते 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर असे असतील तर तिसरा हप्ता ऑगस्टमध्ये अकरा दिवसांचा आणि फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचा भरतो. जिथे जिथे कोणी 'दहा दिवस' असं गृहीत धरून प्रोग्राम लिहिला असेल तिथे तो इथे पकडला जातो. हा काप संपला की टीमच्या हातात बारीक का होईना, पण आरंभापासून शेवटपर्यंत चालणारी वस्तू असते: दूध आत जातं, बिल बाहेर येतं.

यापुढचे काप शोधायला काही ठरलेल्या वाटा आहेत. अजाइल पद्धतींवर पुस्तकं लिहिणारा माइक कोन अशा पाच वाटा सांगतो, आणि दूध संस्थेच्या कामात त्या पाचही सापडतात.

सगळ्यांत हमखास वाट म्हणजे डेटाची. गाईचं दूध चालतं, मग म्हशीचं वेगळ्या दरपत्रकासह आणायचं. एक सभासद चालतो, मग सगळे. एक संस्था चालते, मग शेजारच्या गावची. क्रायस्लरच्या पगार-प्रणालीतही हीच वाट धरली होती. तिथे तासावर, आठवड्यावर, महिन्यावर असे पगाराचे वेगवेगळे प्रकार होते. त्यांतल्या फक्त मासिक पगाराच्या सुमारे 10 हजार लोकांचा पगार 1997 मध्ये नव्या प्रणालीतून निघायला लागला, बाकीचे जुन्याच प्रणालीवर राहिले.

दुसरी वाट नियमांची. आधी कपातीशिवाय बिल. मग पशुखाद्याची कपात. मग उचल. उचलीचा हप्ता बिलापेक्षा जास्त निघाला तर काय, हा आणखी एक वेगळा काप. दरपत्रक हप्त्याच्या मध्येच बदललं तर 14 तारखेपर्यंत जुना दर आणि 15 पासून नवा, हा अजून एक. नियमांचा काप करताना टीमला तात्पुरता नियम मोडायची मुभा घ्यावी लागते आणि ती उघडपणे घ्यावी लागते: 'या कापात कपात होणार नाही' असं कार्डावर लिहिलेलं असलं की सचिव डेमोच्या वेळी दचकत नाहीत.

तिसरी वाट मार्गांची: सरळ मार्ग आधी, आडवाटा नंतर. नोंद बरोबर पडली, हा सरळ मार्ग. नोंद चुकीच्या कोड नंबरावर पडली आणि दुरुस्त करायची आहे, ही आडवाट, आणि तिचा स्वतंत्र काप. दूध नाकारलं गेलं, हाही. चौथी वाट हाताळणीची: आधी आकडे हाताने टाइप करायचे, मग काटा आणि तपासणी यंत्र संगणकाला जोडून आकडे आपोआप यायचे. बँकेचंही तसंच. आधी यादी छापून सचिवांनी बँकेत न्यायची, मग बँकेला चालेल अशी फाइल तयार करायची, आणि गरज उरली तरच थेट जोडणी.

पाचवी वाट खरं तर कापाची नाहीच. काही वेळा टीमला कापच दिसत नाही, कारण माहिती अपुरी असते. बँकेच्या फाइलचा नमुना कसा आहे, ती किती खाती एका वेळी घेते, चुकीचा खाते क्रमांक परत कसा कळवते, हे ठाऊक नसताना त्या कामाची फोड करणं म्हणजे अंदाजपंचे. अशा वेळी एक-दोन दिवस ठरवून फक्त शोध घ्यायचा. याला टीममध्ये 'स्पाइक' म्हणतात. स्पाइकमधून वापरायची वस्तू निघत नाही, उत्तर निघतं, म्हणून त्याला दिवसांची मर्यादा घालावी लागते. नाहीतर शोधच महिनाभर चालतो.

अशी फोड केली की त्या एका वाक्याच्या एपिकमधून समजा 24 स्टोऱ्या निघाल्या. आता मागोवा घ्यायचा. इथे जुन्या सवयीचा अडथळा येतो. 'किती टक्के झालं?' हा प्रश्न स्टोरीला विचारायचाच नसतो. स्टोरी झालेली असते किंवा नसते. झाली म्हणजे अटी पार पडल्या, टेस्टरने तपासली, सचिवांच्या संगणकावर चालली. त्याआधी ती शून्य. ऐंशी टक्के झालेल्या पाच स्टोऱ्या म्हणजे चार पूर्ण स्टोऱ्या नव्हेत. त्या पाच अपूर्ण स्टोऱ्या आहेत आणि त्यांतून सचिवांना एकही बिल काढता येत नाही.

मोजणी झालेल्या स्टोऱ्यांचीच करायची, पण एकूण किती याकडेही सतत बघायचं. पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी 24 पैकी 4 झाल्या. दुसऱ्याच्या शेवटी 9 झाल्या, पण दरम्यान अर्धा पैसा, अकरा दिवसांचा हप्ता, दोन जनावरं असलेला सभासद अशा गोष्टी निघाल्याने एकूण 29 झाल्या. नुसतं 'उरलेलं काम' मोजणाऱ्या टीमला इथे वाटतं की आपण जागचे हललोच नाही: आधी 20 उरल्या होत्या, आताही 20. म्हणून चांगल्या आलेखात दोन रेषा असतात, एक झालेल्या कामाची आणि एक एकूण कामाची. पहिली चढते आहे आणि दुसरीही चढते आहे, हे दिसलं की बोलणं मुद्द्यावर येतं: नवी पाच कामं खरंच हवीत का, की त्यांतली काही पुढे ढकलता येतील?

जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये एपिकखाली स्टोऱ्या जोडल्या की एपिकच्या नावाशेजारी एक हिरवी पट्टी भरत जाते. पट्टी बिचारी प्रामाणिक असते, ती फक्त मोजते. तिच्यात 'तक्ता तयार करणे', 'सर्व्हर लावणे', 'रंगसंगती ठरवणे' अशा आडव्या कामांची कार्डं भरली तर ती दहा कार्डांनंतर भरघोस हिरवी दिसते आणि बिल मात्र एकही निघालेलं नसतं. त्यामुळे पट्टी पाहणाऱ्याने पट्टीआधी कार्डांची नावं वाचावीत. नावात सभासद किंवा सचिव काय करू शकतो ते असेल तर पट्टीला अर्थ आहे.

काप चुकलाय हे ओळखायच्या खुणा बोर्डावरच असतात. स्प्रिंटचे नऊ दिवस काहीही 'पूर्ण' रकान्यात जात नाही आणि दहाव्या दिवशी दुपारी सगळंच जातं, तर काप जाड आहेत. टेस्टरच्या हातात सगळं शेवटच्या दिवशी पडलंय. एकच कार्ड सलग तीन स्प्रिंट पुढे सरकतंय, तर ते कार्ड नसून लपलेलं एपिक आहे. नावात 'आणि' आहे, 'नोंद दुरुस्त करणे आणि बिल पुन्हा काढणे', तर बहुधा ते दोन काप आहेत. आणि डेमोत कोणी 'इथे रक्कम दिसेल असं समजा' म्हणालं, तर तो काप आडवा आहे.

उलट बाजूचीही चूक होते. काही टीम इतके बारीक तुकडे करतात की 'लिटरचा रकाना टाकणे' हे एक कार्ड आणि 'फॅटचा रकाना टाकणे' हे दुसरं. असे तुकडे एका दिवसात होतात खरे, पण एकटा लिटरचा रकाना सचिवांना निरुपयोगी आहे, त्याची स्वतंत्र चाचणी करण्यात अर्थ नाही, आणि पन्नास कार्डं इकडून तिकडे हलवण्यातच बैठकीचा वेळ जातो. वापरणाऱ्याने 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणावं, ही अट जिथे तुटते तिथे कापणं थांबवायचं.

झालेला काप लगेच वापरात आणायचा की नाही, हा मात्र वेगळा निर्णय असतो. कपातीशिवायचं बिल झालं म्हणून संस्था सभासदांना उचल माफ करणार नाही. म्हणून टीम पुरे झालेले पण अजून सोडायचे नसलेले काप एका स्विचमागे ठेवते, आणि सचिव ते फक्त स्वतःच्या पडद्यावर चालवून बघतात. खरी परीक्षा त्यानंतर होते: एक पूर्ण हप्ताभर जुनी वही आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवायचं आणि अकराव्या दिवशी दोन्हींची बिलं सभासदागणिक ताडायची. जिथे फरक निघेल तिथे दर वेळी चूक सॉफ्टवेअरचीच असते असं नाही. कधी वहीतली जुनी चूकही उघडी पडते.

पातळ कापांना न सापडणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि सेंटिनेलने त्या महागात शिकवल्या. 2011 च्या शरद ऋतूत एफबीआयने मोठी तालीम घेतली. सातशेहून जास्त लोक एकाच वेळी प्रणालीवर बसले आणि ती दोनदा बंद पडली. तोवर स्टोऱ्या एकामागून एक पूर्ण होत आल्या होत्या. एक अधिकारी जबाबाचा फॉर्म भरतो, वरिष्ठ त्यावर संगणकावरच सही करतात, फॉर्म प्रकरणाच्या फाइलला जोडला जातो, अशा कामांसाठी काप आपापल्या जागी ठीक असतात. पण शेकडो माणसं तेच एकदम करू लागली की काय होतं, हे एकेका कापाच्या अटींत येत नाही. तपासाअंती दिसलं की जुनं हार्डवेअर हा भार पेलायला अपुरं होतं. नवं यंत्रसाहित्य घ्यावं लागलं आणि सुरुवात पुढच्या वर्षावर गेली.

वेग, भार, सुरक्षितता, जुन्या नोंदी नव्यात आणणं या गोष्टी सगळ्याच कापांतून आडव्या जातात. त्यांच्यासाठी एक उपाय असा की त्यांनाच उभ्या कापाचं रूप द्यायचं आणि लवकर द्यायचं. दूध संस्थेत याचं रूप सोपं आहे. सकाळी साडेसहा ते साडेसात या तासात संकलन केंद्रावर रांग असते. 'एका तासात 150 सभासदांची नोंद, प्रत्येक नोंदीला वीस सेकंदांहून कमी, वीज गेली तरी आधीच्या नोंदी शाबूत' ही चौथ्या महिन्यातली चाचणी नसून तिसऱ्या आठवड्यातली स्टोरी असायला हवी, आणि ती तपासायला टेस्टरने पहाटे केंद्रावर जाऊन उभं राहायला हवं. तीनच रकाने असलेल्या पहिल्या कापावरही ही तालीम घेता येते. किंबहुना तेव्हाच घ्यावी, कारण काही जमलं नाही तर बदलायचं फारसं काही बांधलेलं नसतं.

एपिक कधी बंद करायचं याचंही उत्तर कापांतूनच मिळतं. 29 पैकी 23 स्टोऱ्या झाल्या आहेत, दोन हप्त्यांची बिलं वहीशी जुळली आहेत आणि सभासदांच्या खात्यात पैसे जमा होत आहेत. उरलेल्या सहांमध्ये बँकेची थेट जोडणी आहे, मोबाइलवर मेसेज आहे, शेजारच्या गावची संस्था आहे. सचिव सांगतात, फाइल बँकेत नेऊन द्यायला आम्हाला दहा मिनिटं लागतात, थेट जोडणी नको. मेसेजही नको, लोक पावतीच बघतात. शेजारच्या संस्थेचं मात्र पुढच्या महिन्यात बघू. मग दोन कार्डं रद्द होतात, शेजारच्या संस्थेचं कार्ड स्वतःचं वेगळं एपिक बनून बॅकलॉगमध्ये जातं, दरपत्रकाच्या जुन्या प्रती आणि छपाईची किरकोळ कामं आणखी एका स्प्रिंटमध्ये उरकली जातात, आणि मूळ एपिकवर 'पूर्ण' असं लिहून ते बंद केलं जातं.